मास्तरगल्लीचा भाव

निपाणीच्या मास्तरगल्लीत भाजीचा भाव राजाक्का ठरवायच्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, की कुणी विचारलंही नव्हतं. चौदा घरांची गल्ली. त्यात पहिलं घर त्यांचं आणि आवाज असा की शेवटच्या घरातलं तान्हं पोर दचकून उठावं. मालुबाईची हातगाडी सकाळी आठाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी थांबली, की आक्का पिशवी घेऊन पायरी उतरायच्या. मग जे काय चालायचं, ते सगळी गल्ली कान देऊन ऐकायची. कुणी दारात उभं राहून दात घासत, कुणी लेकीची वेणी घालत.

"वांगी कशी गं मालू?"

"दोन रुपय किलो, आक्का."

"दोन? देठ काय सोन्याचं हाय व्हय?"

"आक्का, मला परवडाय नको?"

"तुला परवडंल गं, मला कुठनं परवडायचं? एक चाळीस."

असं करत करत गाडी एक साठवर आली, की आक्का उजवा हात डोक्याच्या वर न्यायच्या आणि म्हणायच्या, "बास!" हात वर गेला की सौदा तुटला, म्हणजे भाव पक्का झाला. त्यानंतर मालूनं तोंड उघडायचं नाही आणि आक्कांनीही नाही. आक्का अर्धा किलो घ्यायच्या, रोख पैसे टाकायच्या आणि मालू ती भवानी कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत ठेवायची. मग बाकीच्या तेरा घरांतून बायका निघायच्या आणि एक अक्षर न बोलता त्याच भावानं घेऊन जायच्या. आक्कांनी तोडलेला भाव म्हणजे त्यावर आणखी काय घासाघीस करायची?

आता खरं सांगायचं तर पहिली पाच वर्षं मालूला याचा फायदाच झाला. चौदा घरांशी चौदा वेळा हुज्जत घालायची म्हणजे दहा वाजणार, ऊन चढणार, मेथी माना टाकणार. त्यापेक्षा एकीशीच काय ते भांडून घ्यावं आणि अर्ध्या तासात पुढच्या गल्लीला लागावं, हे बरं. मालू हे कुणापाशी बोलत नसे, पण मनातून तिला ते पक्कं ठाऊक होतं.

घोटाळा झाला तो ऐंशी सालच्या उन्हाळ्यात. डिझेल महागलं आणि संकेश्वरकडून माल आणणाऱ्या टेंपोवाल्यानं बुट्टीमागचं, म्हणजे दर टोपलीचं, भाडं वाढवलं. ते भाडं शेतकऱ्यानं मालावर चढवलं. दहा किलोची वांग्याची बुट्टी लिलावात दहाला सुटायची, ती चौदाला सुटायला लागली. हातगाडीचं रोजचं भाडं बारा आण्यांवरून दीड रुपयावर गेलं. बाजारात जागेची पावती फाडणारा चार आण्यांच्या जागी आठ आणे मागायला लागला. सगळं वर गेलं, फक्त मास्तरगल्लीत वांगी एक साठवरच बसली होती. जणू राजाक्कांनी त्यांना दोरीनं बांधून ठेवलं होतं.

मालूनं काय करायचं? तिनं सगळ्याच जणी करतात ते केलं. कोथिंबिरीच्या दोन पेंड्या सोडून तीन बांधल्या. वर टाकायच्या फुकट मिरच्या चारावरून दोनवर आणल्या. वांग्यात जायचं ते टोमॅटोत काढायला बघितलं. पण किती दिवस काढणार? जूनमध्ये टोमॅटोही वर गेले. घरी आल्यावर कमरेची पिशवी पाटावर उपडी केली, की उद्याच्या मालापुरतं भांडवलसुद्धा पुरं होईना.

नवरा परशराम स्टँडजवळ हमाली करायचा. माणूस शांत, पण त्याचं शांत बोलणंच जास्त लागायचं. तो म्हणाला, "जमत न्हाय तर सोड की. वखारीचा मुकादम परवा बी विचारत हुता, मालू येतीया का म्हणून."

वखारीचं नाव निघालं की मालू तिथून उठायची. लग्न झाल्यापासून आठ वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत काढली होती. पानं झाडायची, चाळायची, पोती भरायची. नाकातोंडाला पदर बांधला तरी ती भुकटी आत जायचीच. घरी आल्यावर भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास. शेवटी खोकल्यानं इतकी बेजार झाली, की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा त्या धुळीत गेलीस तर औषध मागायला इकडं येऊ नकोस. तेव्हा तिनं गळ्यातली बोरमाळ मोडली आणि भाजीचा धंदा मांडला. तिला वखारीची भीती वाटायची. साधी नाही, रात्री दचकून उठवणारी भीती. आणि आता ती भीती वांग्याच्या भावात येऊन बसली होती.

सगळा राग मग राजाक्कांवर निघाला. घर दगडी, दारात तुळस, खाणारी तोंडं दोनच, आक्का आणि त्यांची नणंद; नवरा मास्तर होऊन गेलेला, पेन्शन येत असणार. आणि ही बाई आपल्यासारखीच्या पोटावर चाळीस पैशांसाठी पाय देते! मालूनं मनात त्यांना नको नको ते बोलून घेतलं.

एका सोमवारी तिनं शक्कल लढवली. गाडी गल्लीच्या तोंडाशी न नेता मागच्या बोळातून फिरवून शेवटच्या घराशी नेली. म्हटलं, आधी तेरा घरं दोन रुपयांनी उरकू, आक्का शेवटी. शेवटच्या घरातली जयाबाई बाहेर आली आणि पहिलाच सवाल टाकला, "आक्कांनी काय तोडला?"

"आज आक्का नंतर हाईत. दोन रुपयं भाव हाय."

"मग मी एक तीस देणार," जयाबाई म्हणाली. आता आक्का नाहीत म्हटल्यावर भांडायचं तिलाच होतं, आणि तिला काही ते जमत नव्हतं. कुठं सुरुवात करायची हे तिला कळेना, आणि कुठं थांबायचं हे तर नाहीच नाही. वीस मिनिटं गेली. शेजारीण आली, तिनं एक वीसपासून सुरू केलं. तिसरी म्हणाली, जयाबाईला काय भावानं दिलंस ते आधी शपथेवर सांग. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पोकळ्याची पालेभाजी कोमेजली. मालूचा घसा बसला. पाचच घरं झाली होती, आणि पाच घरांत पाच भाव झाले होते. त्यावरून त्या पाचजणींतच जुंपली ती वेगळीच.

गाडी ढकलत ती आक्कांच्या दाराशी आली तेव्हा आक्का पायरीवर बसूनच होत्या. पिशवी मांडीवर.

"काय गं, आज उलटी गंगा?"

बस्स. इतके दिवस दाबलेलं सगळं मालूच्या तोंडून भळाभळा बाहेर पडलं. "व्हय, उलटी! सुलटीनं मरायची पाळी आली म्हणून उलटी. तुमी एक साठ म्हणतासा, मला बुट्टी चौदाला पडतीया. तुमाला काय ठावं बाजारात काय चाललंय? उंबऱ्यात बसून भाव तोडाय काय जातंय तुमचं?"

आक्कांना असं कुणी बोलल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. पण आक्का चिडल्या नाहीत. त्यांना वेगळीच शंका आली.

"चौदाला? अगं, तुला घ्यायचंच जमत न्हाय. बाजारात भांडतीस का न्हाय?"

"भांडतीस? मग उद्या तुमीच चला की! तुमीच घ्या माल. ज्या भावानं घेशीला, त्याच्यावर दोन पैसं ठिऊन इकते मी."

"येते," आक्का म्हणाल्या. "हाक मार पाच वाजता."

मालूला वाटलं होतं, म्हातारी मागं सरेल. कसची सरतेय! दुसऱ्या दिवशी पाचाच्या ठोक्याला राजाक्का कासोटा घट्ट करून पायरीवर तयार. वाटेत त्यांनी मालूला चार गोष्टी शिकवल्या. मालाला आधी नावं ठेवावीत. निघून जायचं सोंग करावं.

बाजारात दिवे अजून चालू होते. टेंपोतून बुट्ट्या उतरत होत्या आणि नागोजी दलाल पोत्यांच्या थप्पीवर उभा राहून ओरडत होता. इथली रीत अशी, की एकट्यादुकट्या बाईला एक-दोन बुट्ट्या मिळत नाहीत. चार बुट्ट्यांचा एक लाट सुटतो. मोठे दुकानदार आख्खे लाट उचलतात; बायकांनी दोघी-तिघींत मिळून घ्यायचा आणि वाटून न्यायचा. मालूची जोडीदारीण गंगव्वा. ती संकेश्वराकडची, मराठीपेक्षा कानडीच जास्त बोलायची. दोघींनी कालच ठरवलं होतं, बुट्टी चौदाच्या वर गेली तर आज वांगी घ्यायचीच नाहीत, दोडक्यावर भागवायचं.

"बारा! बारा! साडेबारा!" नागोजीचा सूर लागला.

"साडेबारा?" आक्का गर्दीतून पुढं झाल्या. "अरं, किडकी दिसत्यात ती! नऊ रुपयं घे!"

सगळा बाजार खदखदून हसला. नागोजी हसला नाही, त्याला वेळच नव्हता. "तेरा! साडेतेरा!" आक्का गोंधळल्या. त्यांनी आयुष्यात भाव खाली येताना पाहिले होते. आपण बोललो की भाव वर चढतो, हे त्यांना पटेचना. "चौदा!" गंगव्वानं मालूचा पदर ओढला, म्हणजे सोड आता. "साडेचौदा! पंधरा!" हा भाव कुणा दुकानदाराचा नव्हता. तो दलालानं स्वतःच पुढं फेकून पाहिला होता, कुणी झेलतोय का म्हणून.

आक्कांना राहवलं नाही. हे थांबलंच पाहिजे असं वाटून त्यांनी उजवा हात सरळ डोक्यावर नेला आणि त्या ओरडल्या, "बास!"

"पंधरा! आजीबाईचा लाट!" नागोजीनं बोट दाखवलं आणि दुसऱ्या थप्पीकडं वळला.

लिलावात हात वर गेला म्हणजे बोली लागली. मास्तरगल्लीत त्याच हातानं घासाघीस थांबायची, हे नागोजीला कुठलं ठाऊक? आक्कांना काय झालं ते कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा त्या त्याच्यामागं धावल्या, "अरं बाबा, मी नको म्हणत हुते!" पण एकदा सुटलेला माल मागं घेतला तर दुसऱ्या दिवसापासून त्या बाईची बोली कुणी धरत नाही. हे मालूला चांगलं माहीत होतं. तिनं आक्कांचा हात धरला. "चला आक्का. आता माल आपला झाला." गंगव्वा कानडीत काहीबाही पुटपुटली, कपाळावर हात मारून घेतला आणि आपल्या दोन बुट्ट्यांचे तीस रुपये मोजून दिले. मालूनंही दिले. तिची पिशवी जवळजवळ रिकामी झाली.

परतीच्या वाटेवर आक्का शिकवणी विसरल्या होत्या. दोन बुट्ट्या गाडीपर्यंत आणायचे हमालानं आठ आणे घेतले, ते त्यांनी पाहिलं. पावतीवाल्यानं आठ आणे घेतले, तेही पाहिलं. गाडीच्या मालकाला दीड रुपया. मग मालू नळाच्या कडेला बसली आणि बुट्ट्या ओतून वांगी निवडायला लागली. किडकं बाजूला, दबलेलं बाजूला. तळाशी शेतकऱ्यानं भरीला घातलेला ओला पाला होता, तोही बाजूला. ओलं पोतं पसरून वर चांगली वांगी मांडली.

"हे एवढं सगळं जातंय?" आक्कांनी विचारलं.

"रोज जातंय."

"वजन कर बघू."

मालूनं तागडी धरली. दहा-दहा किलोच्या दोन बुट्ट्यांतून चांगली वांगी भरली सतरा किलो. आक्का मास्तरांची बायको. तोंडी हिशेब पक्का. ओठ हलवत त्यांनी गणित केलं. तीस रुपये माल, आठ आणे हमाली. सतरा किलो. नुसता मालच किलोला एक ऐंशीला पडला होता. गाडी, पावती, मालूचं पोट, सगळं अजून बाकी.

"आणि मी तुझ्याकडनं एक साठनं घेतीया," त्या म्हणाल्या. मग किडक्या वांग्यांच्या ढिगाकडं बघत, "कवापासनं तोटा खातीयास?"

"चैतापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"रोजच तर बोलत हुते, आक्का. परवडत न्हाय, परवडत न्हाय म्हणून. तुमी हसत हुतासा."

परवडत नाही हे वाक्य दुकानदारही बोलतो, भाजीवालीही बोलते, गिऱ्हाईकही बोलतं. बोलून बोलून त्याचा अर्थच गेलेला. मालूला वाटलं, आपणही ते कधी खऱ्या आवाजात म्हटलं नाही. तिला म्हातारीची कीव आली आणि स्वतःचाही राग आला.

गल्लीजवळ आल्यावर आक्का थांबल्या. "हितनं मी पुढं जाते. तू धा मिनिटानं ये. अडीच सांग."

"अडीच?" मालू दचकली. "गल्ली पेटंल की!"

"तू सांग. आणि रोजच्यागत भांड. कच खाऊ नको."

दहा मिनिटांनी गाडी आली. कालच्या तमाशानंतर आज काय होतंय म्हणून चौदाच्या चौदा दारं उघडी. आक्का पिशवी घेऊन पायरी उतरल्या. पाय अजून धुळीनं भरलेले होते, पण ते बघायला कुणाला सवड होती?

"वांगी कशी गं?"

"अडीच रुपय, आक्का."

"अडीच! दरोडा घालतीस का काय? एक ऐंशी!"

"न्हाय जमत. दोन चाळीस."

"हे बघ, ह्याला छिद्र! एक नव्वद."

आक्का अशा भांडल्या की मालूला क्षणभर खरंच भीती वाटली. गाडीपासून चार पावलं निघून गेल्या, परत आल्या. वांगं उचललं, टाकलं. मालूचा आवाज चिरकला; तो काही सोंगानं चिरकला नव्हता. दोन तीसवर मालू अडली, दोन रुपयांवर आक्का अडल्या, आणि मग दोन वीसवर आक्कांनी हात वर नेला. "बास!"

गल्लीनं सुस्कारा सोडला. जयाबाई शेजारणीला म्हणाली, "अडीचचं दोन वीस केलं बघ. आक्का न्हाईत तर आपलं काय खरं न्हवतं." कुणालाही एक साठ आठवलं नाही.

मालूच्या अंगातून जाळ उतरल्यासारखं झालं. सतरा किलो, दोन वीस. मालाचे पैसे फिटून वर जवळजवळ सात रुपये राहत होते. वखार लांब गेली, फार लांब. तिनं अर्ध्या किलोचं वजन पारड्यात टाकलं आणि दुसऱ्या पारड्यात वांगी भरायला लागली.

"अर्धा नको," आक्का हळू म्हणाल्या. "पाव कर."

मालूचा हात थांबला. "आक्का, रोज अर्धा घेतासा."

"रोज ऐंशी पैशाला मिळत हुतं. आता हितनं पाव."

"पण घरात तुमी आन् तुमची नणंद..."

"पेन्शन वाढल्याचं तुला कुणी सांगितलं?" आक्कांचा आवाज इतका खाली आला होता, की तो फक्त गाडीपुरताच होता. "एकशेवीस रुपय येत्यात. त्यातलं निम्मं तिच्या औषधाला. म्हणून तर भांडत हुते गं मी. हौस हुती व्हय?"

सहा वर्षं रोज सकाळी मालूनं या बाईचं तोंड बघितलं होतं आणि दगडी घराच्या आत काय शिजतं हे तिला कधी सुचलंही नव्हतं. तिनं वजन बदललं. पाव किलो भरलं. आणि मग तिला राहवेना. तिनं दोन मोठी वांगी उचलून गुपचूप आक्कांच्या पिशवीत सोडली.

आक्कांनी पिशवीत हात घातला, ती दोन्ही वांगी बाहेर काढली आणि परत पोत्यावर ठेवली.

"येडी काय? गल्ली बघतीया," त्या पुटपुटल्या. "मला वर दिलंस की त्यास्नी कळंल, ह्या दोघींचं आतनं काय तरी हाय. उद्या तुझा दोन वीस कोण धरंल? काटा सरळ धर."

मालूनं काटा सरळ धरला. आक्कांनी आठ आणे आणि पाच पैशांचं एक नाणं गाडीवर ठेवलं. मालूनं ती भवानी कपाळाला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला भवानी घ्यायची लाज वाटली. आक्का हलकी पिशवी मुद्दाम जड असल्यासारखी धरून पायरी चढल्या आणि आत गेल्या.

"मालू, मला एक किलो," जयाबाई पुढं आली. तिनं भाव विचारलाच नाही. मागं बाकीच्या बायका उभ्या राहिल्या होत्या. मालूनं डोळे पदरानं पुसले, ऊन लागतंय म्हणाली, आणि किलोचं वजन पारड्यात टाकलं.